ठाण्यात जुनी आरएक्स १०० घेताय? आधी जे बाजारात मिळत नाही ते बघा

जुनी बाइक घ्यायची म्हटलं की लोक बुलेट, येझदी, राजदूत, आरएक्स सगळं एका दमात विचारतात, पण मी फक्त यामाहा आरएक्स १०० बद्दल लिहितोय, कारण ती मी स्वतः घेतलीय, उघडलीय आणि पासिंग करून रस्त्यावर आणलीय. आपल्याकडे ही गाडी १९८५ च्या शेवटी आली आणि १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे सगळ्यात नवीन गाडीसुद्धा आता तिशीला टेकलीय. टू-स्ट्रोक, ९८ सीसी, ४ गिअर, किकवर चालू.

बघायला जायच्या आधी डोक्यात एकच हिशोब पक्का करा. या गाडीतल्या काही गोष्टी पैसे टाकले की मिळतात: टायर, सीट, वायरिंग, पिस्टन, क्रोम, पेंट. आणि काही गोष्टी कितीही पैसे टाकले तरी मिळत नाहीत: स्वच्छ आरसी, न छेडलेला चासीस नंबर, ओरिजिनल क्रँककेस आणि पोर्टिंग न केलेला ब्लॉक. नवीन माणूस नेमका उलटा बघतो, टाकीची चमक बघून भाव ठरवतो आणि आरसी घरी आल्यावर वाचतो.

कागद, म्हणजे निम्मी गाडी

फोनवरच गाडी नंबर मागा. द्यायला कां कूं केलं तर विषय तिथेच संपला. नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, मालकाचं अर्धवट झाकलेलं नाव आणि आरसीची मुदत कळते. गाडी सापडलीच नाही तर घाबरायचं कारण नाही पण सावध व्हायचं, कारण जुन्या बऱ्याच गाड्यांची नोंद अजून रजिस्टरातच आहे, संगणकावर चढलेली नाही. याला आरटीओत बॅकलॉग एंट्री म्हणतात. ती करून घ्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि तुम्ही पैसे द्यायच्या आधी, कारण नोंद नसेल तर पुढचं रिन्यूअल, ट्रान्सफर, एचएसआरपी नंबर प्लेट, काहीच हलत नाही.

मग मुदत. खाजगी गाडीची आरसी पहिली १५ वर्षं चालते, नंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते. म्हणजे १९९४ ची गाडी २००९, २०१४, २०१९, २०२४ अशी रिन्यू झालेली असायला हवी. २० वर्षांवरच्या मोटरसायकलची रिन्यूअल फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झालीय, त्यावर ग्रीन टॅक्स वेगळा आणि मुदत उलटून गेली असेल तर उशिराचे दर महिन्याला ३०० रुपये. हे ३०० ऐकायला किरकोळ वाटतात, पण कित्येक गाड्या वर्षानुवर्षं बिल्डिंगखाली पडून असतात, त्यामुळे भाव करायच्या आधी महिने मोजा. हे आकडे मध्येच बदलतातही, म्हणून त्या दिवशीचा आकडा परिवहनच्या साइटवर बघूनच धरा.

आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे आरसीवरचा मालक आणि समोर उभा असलेला माणूस वेगवेगळे असणं. "सह्या केलेले फॉर्म आहेत, काही टेन्शन नाही" हे वाक्य ऐकलं की टेन्शन घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर जुनी सही असून आता भागत नाही, कारण ट्रान्सफर करताना आरसीवरच्या मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि तो मालक कुठे आहे हेच तिसऱ्या-चौथ्या हाताला माहीत नसतं. मालक वारलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. घरातल्या सगळ्यांचं पटत असेल तर होतं, नसेल तर ती गाडी सुंदर असली तरी दुसऱ्याला घेऊ द्या.

कर्नाटक, तमिळनाडूच्या नंबरच्या आरएक्स इकडे स्वस्तात फिरतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथे परत टॅक्स भरून नवीन नंबर लागतो. पहिलीच गाडी असेल तर एमएच ०४, ०५, ४३, असलाच नंबर बघा, उगाच शहाणपणा नको.

मध्येच कोणीतरी सांगतं की व्हिंटेजमध्ये रजिस्टर कर, सगळं सुटतं. नाही सुटत. तो २०२१ चा नियम ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहे आणि तशा गाडीला रोजच्या वापराची परवानगी नसते. सगळ्यात जुनी आरएक्स १०० सुद्धा २०३५ च्या आधी त्यात बसत नाही.

नंबर: पेन्सिल आणि कागद घेऊन जा

चासीस नंबर हँडलखाली स्टिअरिंग हेडवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. दोन्ही आधी रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या. मग पातळ कागद नंबरवर घट्ट धरून पेन्सिल आडवी घासा, ट्रान्सफरच्या फॉर्मवर लावतात तसाच छाप येतो. नुसत्या डोळ्यांपेक्षा या छापात जास्त दिसतं. कंपनीचे आकडे एका रेषेत आणि साधारण सारख्या खोलीचे येतात, हातोडीने एकेक आकडा मारलेला असेल तर एखादा ३ किंवा ८ जरासा तिरका, एक खोल एक उथळ असं छापात लगेच उठून दिसतं. आजूबाजूचा पत्रा गुळगुळीत घासलेला असेल किंवा तेवढ्याच भागात पेंट जाड असेल तर तिथे काहीतरी झालंय.

मी पहिली जी गाडी बघितली ती घोडबंदर रोडला. लालभडक, नुसती चकाचक, १ लाख ३५ हजार सांगितले. आरसी चालू, इंजिन नंबर आरसीशी जुळतोय, मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. मग राइड मारली आणि चौथ्यानंतर पाय सवयीने परत पडला तर अजून एक गिअर पडला. आरएक्स १०० ला ४ गिअर, पाचवा आला कुठून? पाच गिअर आरएक्स १३५ च्या नंतरच्या मॉडेलला आले. म्हणजे एक तर आतलं सगळं बदललंय, नाहीतर १३५ चं इंजिन बसवून त्यावर जुना नंबर ठोकलाय. छाप काढून बघितला, शेवटचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा खाली घसरलेले. विकणारा म्हणाला, "अहो उलट पिकअप जास्त मिळतो!" मिळतो की, त्यात खोटं काही नाही, पण आरसीवर ९८ सीसी लिहिलंय आणि इन्स्पेक्टरने नंबर नीट बघितला तर गाडी माझ्या नावावर अडकणार. निघालो.

नुसता ब्लॉक बदललेला असेल तर गिअर मोजून कळत नाही. १०० चा बोअर ५० मिमी, १३५ चा ५८, स्ट्रोक दोघांचा ५० च. हेड उघडून व्हर्नियर लावला की दोन मिनिटांत निकाल लागतो, पण हेड उघडू देणारा विकणारा क्वचित भेटतो. त्यामुळे टोकन द्यायच्या आधी "हेड उघडून बघणार, गॅस्केटचे पैसे माझे" असं बोलून ठेवा. नाही म्हणाला तर त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

हेड उघडलंच आहे तर पोर्टही बघा. रेसिंगच्या नादात पोरांनी पोर्ट घासून मोठे केलेले असतात, कडा ओबडधोबड आणि ग्राइंडरचे ओरखडे दिसतात. घासलेलं मटेरियल परत चढत नाही, त्या ब्लॉकची आरएक्स मग खालच्या आरपीएमला कायम मेलेली चालते.

"फुल जपान आहे" हे ऐकून २०-३० हजार जास्त देऊ नका. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जोडल्या होत्या हे खरं, पण पुढे भाग इथेच बनायला लागले. १९९४-९५ च्या गाडीला कोणी फुल जपान म्हणत असेल तर कुठला पार्ट आणि त्यावर काय लिहिलंय ते दाखवायला सांगा.

इंजिन: थंडच बघायचं

दुसरी गाडी ऐरोलीची, १९९४ ची, काळी, पहिलाच मालक. मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, "काका, गाडी चालू करू नका, मला थंडच बघायचीय." गेलो तर काका म्हणाले, "अरे तुझ्यासाठी सकाळीच गरम करून ठेवली!" बिचाऱ्यांनी चांगल्या मनाने केलं होतं. चहा घेत दीड तास बसलो, सायलेन्सरला हात लावता येईपर्यंत.

थंड गाडी का, तर टू-स्ट्रोकचे आजार थंड असताना आणि नंतर गरम होत जाताना दिसतात. चोक लावून दोन-तीन किकमध्ये चालू व्हायला हवी. सुरुवातीला धूर येणारच, टू-टी ऑइल जळतंय, त्याला घाबरू नका. पाचेक मिनिटं चालवल्यावर तो विरळ व्हायला पाहिजे. नाही झाला, पांढरा दाट धूर येतच राहिला आणि जळक्या गिअर ऑइलचा वास आला, तर क्लचकडचं क्रँक सील गेलंय. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये खेचलं जातं आणि मग वर जातं. त्या खेचण्याने फाटक्या सीलमधून गिअरबॉक्सचं तेलही आत ओढलं जातं आणि जळतं. दुसऱ्या बाजूचं, म्हणजे मॅग्नेटकडचं सील गेलं तर तेल नाही, हवा आत जाते. मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज पटकन खाली येत नाही, वरच रेंगाळतो. अशी गाडी तशीच पळवली तर पिस्टन जाम होतो. म्हणजे मॅग्नेटचं सील जास्त घातक, आणि धूर नसल्यामुळे त्याकडेच कोणाचं लक्ष जात नाही.

मग गाडी बंद करून मॅग्नेटचं कव्हर काढायला सांगा, थोडेच स्क्रू असतात. मॅग्नेट हाताने धरून वर-खाली हलवा. हलला तर क्रँकचं बेअरिंग गेलं. मग पिस्टन वर येईल तिथे आणून मॅग्नेट थोडासा पुढे-मागे करा, टक असा लोखंडी आवाज आला तर कनेक्टिंग रॉडचा खालचा भाग खाल्लाय. काकांच्या गाडीत हा टक होता, पण मॅग्नेट हलत नव्हता.

ऑइल पंप आहे का तेही विचारा. ओरिजिनल गाडीत टू-टीची वेगळी टाकी आणि पंप असतो, बऱ्याच मेकॅनिकांनी तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची सवय लावलीय. त्यात गाडी वाईट होत नाही, पण तुम्हाला कोणी सांगितलं नाही आणि तुम्ही नुसतं पेट्रोल भरून निघालात तर इंजिन थोड्याच अंतरात बसणार.

शक्य असेल तर चढावर न्या. आरसी आणि इन्शुरन्स चालू असलेली गाडी येऊरच्या चढाला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रडत असेल तर बोअर संपलाय. काकांची आरसी संपली होती म्हणून आम्ही सोसायटीच्या आतच फिरवली.

पार्ट कुठून

इंजिनाचे खपणारे भाग सहज मिळतात: पिस्टन, रिंगा, सील, बेअरिंग, क्लच प्लेट, केबल. इथल्या स्पेअरच्या दुकानात नसले तर दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरने येतात. पिस्टन ०.२५ च्या टप्प्याने १ मिमीपर्यंत ओव्हरसाइज मिळतो, त्यामुळे आधी किती वेळा बोअर झालाय ते विचारा. पिस्टनच्या डोक्यावरच आकडा असतो, ५० असेल तर अजून दोन बोअर शिल्लक म्हणजे निम्मं आयुष्य आहे, १०० असेल तर पुढे नवीन स्लीव्ह. पिस्टन आधी विकत घ्या आणि तो हातात देऊन मगच बोअरिंग करा, कारण बोअर त्या पिस्टनच्या मापाने करायचा असतो, डब्यावरच्या आकड्याने नाही.

अवघड आहेत ते दिसणारे भाग. ओरिजिनल मीटर, मडगार्ड, साइड पॅनल, सायलेन्सर. डुप्लिकेट सगळ्याचे मिळतात पण पत्रा पातळ, भोकं जुळत नाहीत, क्रोम एका पावसात उठतो, आणि खाडीकडेला राहत असाल तर तेवढाही टिकत नाही. चोरबाजारात कधीकधी जुना खरा माल सापडतो, पण बिलाशिवाय क्रँककेस आणि नंबर असलेला कुठलाही भाग घेऊ नका, तो कोणाच्या तरी चोरलेल्या गाडीचा असू शकतो. म्हणून गाडी घेताना गंजलेला पण ओरिजिनल मडगार्ड हा चकचकीत डुप्लिकेटपेक्षा भारी समजा. गंज काढून क्रोम करता येतो, पातळ पत्रा जाड करता येत नाही.

खरा खर्च

काकांची गाडी ६२ हजारांना ठरली. आरसी जुलै २०२४ ला संपलेली, मी मार्च २०२५ ला घेतली. ५२ हजार दिले, १० हजार माझ्या नावावर ट्रान्सफर झाल्यावर द्यायचे ठरले, काकांनाही ते पटलं. आरसी संपलेली गाडी रस्त्यावरून चालवत आणायची नसते, छोट्या हत्तीतून नौपाड्याला आणली.

मेकॅनिकने अंदाज दिला ४० हजार. लागले साडेसहासष्ट. इंजिनाला १५,२००: क्रँकचा रॉड किट, बेअरिंग, सीलं, बोअरिंग-पिस्टन, क्लच, चेन सेट, कार्ब्युरेटरची सफाई. हा आकडा अंदाजाच्या जवळच होता. टायर, स्पोक, ब्रेक शू, फोर्कचे पाइप आणि सीलं मिळून ११,८००. वायरिंग, स्विच, बॅटरी ४,५००. पेंट आणि क्रोम १६,५००, आणि अंदाज इथेच चुकला, कारण क्रोम करायला दिलेल्या मागच्या मडगार्डला आतून गंजाची भोकं निघाली, आधी वेल्डिंग मग क्रोम. सीट, रबर, केबल, लाइट, मीटरची दुरुस्ती असं किरकोळ किरकोळ म्हणत ६,५००. मजुरी १२,०००. किरकोळ गोष्टींसाठी सुरुवातीलाच पैसे बाजूला ठेवा, त्या कोणाच्याच अंदाजात नसतात.

वेळ सहा महिने लागला, बोलला होता दोन. आणि या सहा महिन्यांत दर महिन्याचे ते ३०० चढतच होते. सप्टेंबर २०२५ ला पासिंगला नेली तेव्हा उशिराचे ४,२०० भरले. रिन्यूअलला इन्स्पेक्टर गाडी समोर बघतो, नंबर ताडून घेतो, लाइट-हॉर्न-इंडिकेटर चालू लागतात, त्यामुळे सुटी केलेली गाडी नेता येत नाही. म्हणून मुदत संपायला आलेली पण चालू स्थितीतली गाडी मिळाली तर आधी रिन्यू करून घ्या आणि मगच उघडा. मला हे उशिरा सुचलं. आधी काकांच्या नावावर रिन्यूअल, मग ट्रान्सफर, ग्रीन टॅक्स, इन्शुरन्स, नंबर प्लेट, ते ४,२०० आणि एजंट धरून १२ हजार गेले. आरसीवर रंग काळा आहे म्हणून पेंटही काळाच ठेवला, नाहीतर रंगबदलाची अजून एक नोंद.

सगळं मिळून १ लाख ४० हजार ५००. घोडबंदरची ती लाल गाडी १ लाख ३५ हजारांची होती, म्हणजे पैसे वाचले असं अजिबात नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली. गाडी उघडायच्या आधी प्रत्येक पार्टचा फोटो काढून मेकॅनिकला सांगायला हवं होतं की बदललेला प्रत्येक जुना तुकडा मला गोणीत भरून परत पाहिजे. गाडी घरी आली आणि आठ दिवसांनी कार्ब्युरेटरकडे नीट बघितलं तर आधीचा मिकुनीचा शिक्का गायब, कास्टिंग खरखरीत, स्क्रू नवेकोरे. सफाईला दिलेला परत आला तो दुसराच. विचारलं तर म्हणाला, "तोच आहे ओ, साफ केल्यामुळे वेगळा दिसतोय." माझ्याकडे आधीचा फोटो नव्हता. आता ओरिजिनल शोधतोय, जुन्या चालू मिकुनीला एकजण ४,००० सांगतोय आणि त्याने पाठवलेल्या फोटोत शिक्क्याची बाजू दिसतच नाहीये.